डक्टाइल, डक्टिलिटी आणि तिकीट

चाकणच्या ओतकाम करणाऱ्या कारखान्यांत दोन शब्द दिवसभर कानावर पडतात: डक्टाइल आणि डक्टिलिटी. तुटण्याआधी थोडं ताणलं जाणारं लोखंड ते डक्टाइल, आणि त्याचा हा ताणला जाण्याचा गुण म्हणजे डक्टिलिटी. पहिल्यात ‘टाइल’, दुसऱ्यात ‘टिल’. प्रत्यय लागला आणि मागचा स्वर पालटला. आता विजेच्या गाड्या आल्यापासून या पट्ट्यात निम्म्या पाट्यांवर ‘मोबिलिटी’ दिसते. ती पाटी वाचणाऱ्याच्या खिशात मात्र ‘मोबाइल’ असतो. इंग्रजीच्या अभ्यासकांनी याच प्रकारासाठी ठरवून टाकलेली जोडी म्हणजे डिव्हाइन आणि डिव्हिनिटी.

या जोडीबद्दल माझं एक मत होतं आणि ते मी बरीच वर्षं आग्रहानं मांडत आले. भाषाविज्ञानात एम. ए. करून मी या भागात आले. कारखान्यांत इंग्रजी संभाषणाचे वर्ग घेते, शिवाय मराठी सूचनाफलक आणि कामाच्या पायऱ्यांची पत्रकं लिहून देते. माझ्या मताचे दोन भाग होते. इंग्रजीतला हा स्वरपालट म्हणजे बोलणाऱ्याच्या डोक्यात चालणारा जिवंत नियम, हा पहिला. मराठीतलं ऱ्हस्व-दीर्घ म्हणजे निव्वळ कागदावरची शिस्त, तोंडाशी त्याचा संबंध नाही, हा दुसरा. आज मी दोन्ही भाग जवळजवळ उलटे मानते. कारणं सविस्तर सांगते, कारण ती तुम्हाला तुमच्या तोंडानं तपासता येतील.

आधी इंग्रजीचं. १९६८ साली नोम चॉम्स्की आणि मॉरिस हाले यांचं ‘द साउंड पॅटर्न ऑफ इंग्लिश’ हे पुस्तक आलं. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: डिव्हाइन आणि डिव्हिनिटी हे दोन शब्द डोक्यात वेगवेगळे साठवलेले नसतात. साठवलेलं रूप एकच, आणि त्यात ‘डिवीन’सारखा ताणलेला ई असतो. त्याला ‘इटी’ हा प्रत्यय लागला की तो ई शेवटून तिसऱ्या अक्षरात जातो. तिथे एक नियम त्याला ढिला करतो. ताणलेला ई जाऊन सैल इ येतो आणि ‘डिव्हिनिटी’ तयार होते. प्रत्यय लागला नाही तर ई ताणलेलाच राहतो, आणि मग ताणलेल्या स्वरांपुरता असलेला दुसरा नियम त्याला जागेवरून हलवून ‘आइ’ करतो. म्हणून ‘डिव्हाइन’.

यातली गंमत अशी की हेच दोन नियम इतर स्वरांनाही पुरतात. सिरीन–सेरेनिटीमध्ये ई आणि ए आहेत, सेन–सॅनिटीमध्ये एइ आणि ॲ. एरवी या जोड्यांतल्या स्वरांचं एकमेकांशी काही नातं दिसत नाही. पण ताणलेले स्वर एकेक पायरी वर सरकले आणि सैल स्वर जागेवर राहिले, एवढं मानलं की सगळ्या जोड्या एका ओळीत येतात. हे सरकणं इतिहासात खरोखरच घडलं आहे. साधारण पंधराव्या शतकापासून पुढच्या दोन-अडीचशे वर्षांत इंग्रजीचे दीर्घ स्वर सरकले. त्याआधीच ऱ्हस्व झालेले स्वर त्यातून सुटले. चॉम्स्की-हाले यांचा दावा त्याच्या पुढचा होता: शतकांपूर्वी घडलेली ती हालचाल आजचा बोलणारा दर वेळी डोक्यात पुन्हा करतो.

मला हे पटलं, त्यात पाणिनीचाही हात होता. संस्कृतात ऱ्हस्व अ आणि दीर्घ आ यांच्यात फरक फक्त लांबीचा नाही, तोंड किती उघडतं याचाही आहे. ‘कर’ आणि ‘कार’ म्हणून पाहा. तरीही पाणिनी संपूर्ण अष्टाध्यायीभर दोघांना सारख्याच उघड्या तोंडाचे मानतो, म्हणजे ऱ्हस्व-दीर्घ जोडीचे सगळे नियम सरळ चालतात. आणि अगदी शेवटच्या सूत्रात सांगतो की ऱ्हस्व अ प्रत्यक्ष उच्चारात मिटलेला आहे. आत एक रूप, तोंडात दुसरं. अडीच हजार वर्षांच्या अंतरानं दोन ठिकाणी तीच युक्ती सापडली की माणूस भारावतो. मी भारावले होते.

वर्गात एकदा एका मुलानं ‘डक्टायलिटी’ म्हटलं. नुकताच डिप्लोमा झालेला, हुशार मुलगा. मी फळ्यावर नियम लिहिला, शेवटून तिसरं अक्षर दाखवलं, ‘डक्टिलिटी’ सिद्ध करून दाखवली. त्यानं ते वहीत उतरवून घेतलं आणि विचारलं, “मॅडम, मग ‘नाइटिंगेल’चं ‘निटिंगेल’ का नाही?”

प्रश्न जुनाच होता. नाइटिंगेल आणि आयव्हरी हे शब्द या नियमाला पहिल्यापासून दाद देत नाहीत. पॉल किपार्स्की यांनी त्यावर तोड काढली: नियम प्रत्यय लागून बनलेल्या शब्दांनाच लागतो, मुळातच तसे असलेल्या शब्दांना नाही. ठीक. पण ‘ओबीस’ला तोच ‘इटी’ प्रत्यय लागतो आणि कोशातला उच्चार ‘ओबीसिटी’ असा, ई जसाच्या तसा. ही उदाहरणं मला माहीत होती. अपवाद म्हणून मी ती बाजूला ठेवत असे. डळमळले ती मात्र अपवादांमुळे नव्हे, चाचण्यांमुळे.

नियम डोक्यात आहे की नुसते तयार शब्द पाठ आहेत, हे कसं ओळखायचं? बोलणाऱ्यापुढे कधी न ऐकलेली जुळणी ठेवायची. पाठ केलेलं तिथे कामाला येत नाही. डॅनी स्टाइनबर्ग आणि रॉबर्ट क्रोन यांनी १९७५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात इंग्रजी बोलणाऱ्यांना ओळखीच्या शब्दांना नवे प्रत्यय लावायला सांगितले होते. बहुतेकांनी मूळ स्वर तसाच ठेवला. आमच्या ‘डक्टायलिटी’वाल्या मुलानं जे केलं तेच जन्मानं इंग्रजी बोलणाऱ्यांनी केलं.

१९८४ मध्ये जेरी येगर यांनी दुसऱ्या बाजूनं तपासलं. लोकांना डिव्हाइन–डिव्हिनिटीसारख्या जोड्या दाखवून ‘हा गट’ शिकवला आणि मग नव्या जोड्या त्यात बसतात का, हे विचारलं. प्रोफाउंड–प्रोफंडिटी ही जोडी स्वर सरकण्याच्या इतिहासाप्रमाणे गटात बसायला हवी. लोकांनी ती बाहेर ठेवली. रिड्यूस–रिडक्शन मात्र आत घेतली. का? कारण तिथे लिहिताना एकच अक्षर राहतं, यू. इंग्रजी शाळेत ए, ई, आय, ओ, यू या अक्षरांचे ‘लाँग’ आणि ‘शॉर्ट’ उच्चार शिकवतात. लोकांच्या डोक्यात होता तो नियम शाळेत शिकलेल्या स्पेलिंगचा होता.

म्हणजे इंग्रजी स्वरपालट खोटा आहे असं नाही. शब्दसंग्रहात तो जागोजाग पसरलेला आहे, त्याचा इतिहास पक्का आहे. फक्त नव्या शब्दावर तो आपोआप चालत नाही. मी ज्याला यंत्र समजत होते तो त्या यंत्रातून पूर्वी बाहेर पडलेला माल निघाला.

आता मराठी. इथे मला जागं केलं ते माझ्याच फलकांनी.

मराठीचे लेखननियम मराठी साहित्य महामंडळाचे. १९६२ साली शासनानं चौदा नियम मान्य केले, १९७२ मध्ये आणखी चारांची भर पडली. त्यात एक आहे: शेवटून दुसऱ्या अक्षरातला दीर्घ ई किंवा ऊ सामान्यरूपात ऱ्हस्व लिहावा. फूल–फुलाला, वकील–वकिलाला, सून–सुनेला. आपण सगळे हे गुणांसाठी शिकलो. फलक लिहिताना मी ‘मशिनीवर’ असं ऱ्हस्व लिहीत असे, आणि छापणारा दरखेपेस ‘मशीनीवर’ करून आणत असे. त्याचं म्हणणं सरळ होतं: मशीन दीर्घ, तर मशीनीवरही दीर्घ. वाद मिटवायला मी फ्लोअरवर जाऊन नुसती ऐकत उभी राहू लागले. ‘मशीन’ म्हणताना ई लांब. ‘मशिनीवर’ म्हणताना त्याच माणसाचा तोच स्वर आखूड. खेडचा असो, लातूरचा असो, बुलढाण्याचा असो. त्यांच्यातल्या अनेकांनी ऱ्हस्व-दीर्घाचा प्रश्न शाळेत चुकवलेला होता, पण तोंड चुकत नव्हतं.

मग मी परक्या शब्दांकडे वळले, कारण इंग्रजीची परीक्षा ज्या कसोटीवर घेतली तीच मराठीला लावायला हवी. नवा शब्द आला तर नियम चालतो का? इंग्रजी ‘सीट’मध्ये ताणलेला ई आहे. गाडीत बसवायच्या अनेक असल्या की आमचे लोक ‘सिटा’ म्हणतात. आखूड. ‘स्कीम’च्या ‘स्किमा’. ‘बूट’ पायात लांब, पण ‘बुटाची लेस’ म्हणताना आखूड. इथवर कुणी म्हणेल की दीर्घ ते ऱ्हस्व करणं सोपंच असतं. म्हणून ‘तिकीट’ पाहा. इंग्रजी ‘टिकेट’च्या शेवटच्या अक्षरात दीर्घ स्वर नाहीच, असलेला स्वर अगदी पुसट आहे. मराठीनं त्याला लांब केलं: तिकीट. आणि प्रत्यय लागताच पुन्हा आखूड केलं: तिकिटाला. पाकीट–पाकिटात, बिस्कीट–बिस्किटाचा हेही तसेच. इंग्रजीत तो स्वर ताणलेला होता की सैल, याची मराठीला पर्वा नाही. शब्दाच्या शेवटच्या बंद अक्षरात आला तर लांब, मागे सरकला तर आखूड. मराठी इ-उंच्या बाबतीत लांबी ही शब्दाची मालमत्ता उरलेली नाही, ती जागेची आहे.

हे एकदा लक्षात आलं की शाळेतल्या ‘चुका’ वेगळ्या दिसू लागतात. महामंडळाच्या नियमाला अपवाद आहे तो तत्सम शब्दांचा: ‘शरीर–शरीराला’, ‘गीत–गीताला’ असं दीर्घच ठेवायचं, आणि ‘गुण’, ‘विष’ ऱ्हस्व लिहायचं. मुलं काय लिहितात? शरिराला, गिताचा, परिक्षा, गूण, वीष. एकही चूक आडवीतिडवी नाही. सगळ्या एकाच दिशेनं, मराठी नियमाच्या दिशेनं. मूल संस्कृत शब्दाला मराठी नियम लावतं, कारण तो नियम त्याच्याजवळ आहे. ‘दिन’ आणि ‘दीन’ या जोडीचे अर्थ आपण पाठ करतो, पण डोळे मिटून कुणी म्हणून दाखवलं तर कोणता शब्द हे सांगणं बहुतेकांना जमत नाही. दोन्ही ‘दीन’च ऐकू येतात. काळजीपूर्वक बोलणारे वक्ते, निवेदक ‘शरीराला’ दीर्घ म्हणतात हे खरं. ती कमावलेली सवय आहे.

या नियमाला मर्यादा आहे, आणि ती याच पट्ट्यात रोज ऐकू येते. नव्या शब्दांना लोक सामान्यरूपच करत नाहीत. ‘टूल’चं ‘टुलाला’ कुणी म्हणत नाही, ‘टूलला’ म्हणतात. ‘स्टीलला’, ‘टीमला’. इथे स्वर लांबच राहतो. सुरुवातीला मला वाटलं, झालं, इथे नियम मोडला. पण ‘टूलला’मध्ये ‘ला’ सरळ बाहेरून चिकटतो आणि ‘टूल’ हे बंद अक्षर बंदच राहतं. स्वर मागे सरकतच नाही, मग आखूड का व्हावा? मागे पडतंय ते सामान्यरूप. ‘मशीनला’ म्हणणारा आणि ‘मशिनीला’ म्हणणारा, दोघेही एकाच नियमानं बोलतात. माझ्या छपाईवाल्याचं ‘मशीनीवर’ तेवढं कुणाच्या तोंडी नव्हतं.

सगळे मराठी नियम असे जिवंत आहेत असं मात्र समजू नये. हे मला सांगितलं टूलरूममधल्या एका जुन्या कारागिरानं. महामंडळाचा आणखी एक नियम मी वर्गात सांगत होते: शब्द तीन अक्षरी असेल आणि पहिलं अक्षर दीर्घ असेल, तर मधल्या ई-ऊच्या जागी अ येतो. माणूस–माणसाला, लाकूड–लाकडाला, देऊळ–देवळात, बेरीज–बेरजेला. अरबीतून आलेला ‘तारीख’ही पाळतो: तारखेला. मी म्हणाले, बघा, हाही किती पक्का आहे. ते काका शांतपणे म्हणाले, “अहो मॅडम, पोलिसाला कुणी पोलसाला म्हणतं का?”

नाही म्हणत. पो दीर्घ, शब्द तीन अक्षरी, सगळ्या अटी पूर्ण, आणि तरी ‘पोलिसाला’. ‘पाकीट’चंही तेच, ‘पाकटात’ नाही. ‘ऑफिसात’ म्हणतो, ‘ऑफसात’ नाही. फारसी-अरबी शब्द आले तेव्हा हा नियम काम करत असावा. इंग्रजी शब्द आले तोवर तो थांबला. जुने शब्द पालटलेले राहिले, आपण ते पाठ करतो आणि बरोबर बोलतो. म्हणजे ‘लाकूड–लाकडाला’ ही आपली डिव्हाइन–डिव्हिनिटी. शेजारी उभे असलेले दोन नियम, एकाच पुस्तकात छापलेले. एक चालू आहे, दुसरा बंद पडलाय. नियमावली वाचून हे कळत नाही. ‘पोलीस’ आणि ‘तिकीट’ यांना विचारावं लागतं.

मत बदलल्यावर माझ्या वर्गात प्रत्यक्ष फरक पडला तो ‘फिट’ आणि ‘फीट’ पाशी. प्रेस-फिट म्हणजे दाबून बसवलेला भाग. फीट म्हणजे फुटांचं माप. आमचे लोक दोन्ही ‘फीट’ म्हणतात आणि परदेशी ग्राहकाच्या माणसाला एखादे वेळी प्रश्न पडतो. पूर्वी मी आरसा दाखवायचे, ओठ किती ताणायचे ते सांगायचे, आणि ‘यांना सैल इ काढताच येत नाही’ असं समजून चालायचे. पण तोच माणूस ‘फिटिंग’ म्हणताना इ अगदी बिनचूक सैल आणि आखूड काढतो. ‘पिन’ला ‘पीन’ म्हणतो आणि ‘पिना’ बरोबर म्हणतो. स्वर त्याच्याजवळ आहे. शेवटच्या बंद अक्षरात तो ठेवण्याची त्याच्या भाषेत परवानगी नाही, एवढंच. म्हणून आता मी ‘फिटिंग’ म्हणायला लावते आणि ‘इंग’ गिळायला सांगते. फिटिंग, फिटिं, फिट्. आरशापेक्षा हे लवकर साधतं. ट आपटून तिथेच थांबवला तर स्वर लांबायला जागा मिळत नाही. थोडं सैल सोडलं की पुन्हा ‘फीट’ होतं, हे ऐकणाऱ्याला लगेच कळतं.

आणि डक्टिलिटी? ती मी आता नियमानं शिकवत नाही. डक्टाइल–डक्टिलिटी, मोबाइल–मोबिलिटी, फ्रॅजाइल–फ्रॅजिलिटी अशा जोड्या म्हणून घ्यायला लावते. ‘आइल’ जातं, ‘इलिटी’ येतं, इतकं या कुटुंबापुरतं सांगते. चॉम्स्की-हाले फळ्यावर येत नाहीत. त्यांचं पुस्तक अजून माझ्या कपाटात आहे आणि अजूनही देखणं वाटतं. इंग्रजीचा इतिहास आणि इंग्रजीचं स्पेलिंग आजही डिव्हिनिटीत ‘डिव्हाइन’ का दाखवतं, हे समजून घ्यायला त्यापेक्षा चांगलं पुस्तक मला माहीत नाही.

मराठीच्या पेपर तपासणाऱ्या शिक्षकांना एक विनंती आहे. ‘शरिराला’ लिहिणाऱ्या मुलाचा अर्धा गुण कापायचा असेल तर कापा, लेखनाचा नियम तसा आहे. पण ‘फूलाला’ लिहिणाऱ्याची चूक आणि याची चूक एका रकान्यात टाकू नका. ‘फूलाला’ लिहिणाऱ्याला तो शब्द मोठ्यानं म्हणायला सांगा, तो स्वतःच दुरुस्त करेल. ‘शरिराला’ लिहिणाऱ्यानं मोठ्यानं म्हणूनच लिहिलेलं आहे. त्याला तत्सम शब्दांची यादीच द्यावी लागेल.